जुना फेरफार आणि कोर्टाचे कागद: उर्दू-फारसी शब्द ओळीओळीने कसे वाचावेत

जमिनीचे जुने कागद पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ‘मुंतखब’ किंवा ‘अतियात’ असे शब्द फारसे फसवत नाहीत. ते कळत नाहीत हे लगेच कळतं, मग माणूस कुणाला तरी विचारतो. घात करतात ते ओळखीचे शब्द. मजकूर, कमी, कब्जा, निशाणी, राजीनामा, दरखास्त हे शब्द आपण रोज वापरतो, म्हणून कागदावर दिसले की रोजचाच अर्थ धरतो आणि वाचन तिथेच चुकतं.

हे शब्द अरबी-फारसीतून आले. बहामनी काळापासून दक्षिणेत महसुलाचा कारभार फारसी शब्दांत चालला, मराठेशाहीत आणि पुढे इंग्रजी अमलातही कारकुनांनी तेच शब्द चालू ठेवले. मराठवाड्यात तर हैदराबाद संस्थानाचा सरकारी कारभारच उर्दूत होता, त्यामुळे तिथल्या कागदांत हे शब्द अधिक आहेत आणि थोडे वेगळेही. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

आधी एक नोंद समोर ठेवू. ही समजावण्यासाठी रचलेली आहे, पण पश्चिम महाराष्ट्रातल्या त्या काळच्या फेरफारात भाषा अशीच सापडते.

> मौजे मजकूर येथील स.नं. ४२ हिस्सा १ चे कब्जेदार रामा बिन धोंडी हे ता. ३-५-१९५८ रोजी मयत. वारस मुलगा सखाराम बिन रामा व विधवा गंगूबाई कोम रामा. सबब कब्जेदार सदरी मयताचे नाव कमी करून सखाराम याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. इतर हक्क सदरी तगाई बोजा कायम. वर्दी देणार सखाराम, निशाणी डावा अंगठा, दस्तुर गणपत.
>
> शेरा: नोटीस रुजू. हरकत नाही. मंजूर.

पहिली पायरी: माणसं ओळखा

कायद्याच्या शब्दांत शिरण्याआधी कागदावरची माणसं वेगळी काढा आणि शेजारी कच्ची वंशावळ मांडा. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’: रामा बिन धोंडी म्हणजे धोंडीचा मुलगा रामा. काही कागदांत त्याच अर्थाने ‘वलद’ किंवा ‘वल्द’ येतं. त्याच फेरफारात पुढे ‘बिनशेती’ किंवा ‘बिनआकारी’ दिसलं, तर तिथला ‘बिन’ वेगळा. तो ‘विना’ या अर्थाचा, नात्याशी त्याचा काही संबंध नाही.

‘कोम’कडे जास्त लक्ष द्या. आजच्या बोलण्यात ‘कौम’ म्हटलं की जमात आठवते, पण जुन्या मराठी कागदात बाईच्या नावापुढे ‘कोम’ आलं तर त्याचा अर्थ ‘ची बायको’. गंगूबाई कोम रामा म्हणजे रामाची पत्नी. ‘मर्द’ आणि ‘भ्रतार’ (कधी नुसतं ‘भ्र.’) हेही नवऱ्याचं नाव सांगण्यासाठीच येतात. नवी नक्कल टंकताना ‘कोम’ हा शब्द अनेकदा गळतो आणि ‘गंगूबाई रामा’ एवढंच उरतं. मग वाचणारा तिला मुलगी समजतो, वारसांची पिढी एकाने सरकते आणि हिश्शांचं सगळं गणित बिघडतं. बाईचं नातं संशयास्पद वाटलं तर टंकलेल्या प्रतीवर थांबू नका, मूळ नोंदवहीच्या पानाची छायाप्रत मागा.

दुसरी पायरी: जागा दाखवणारे शब्द सोडवा

‘मजकूर’ म्हणजे आज आपल्याला लिहिलेला भाग वाटतो. फेरफारात त्याचा अर्थ ‘वर उल्लेख झालेला’. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलं गाव. पण वर कुठे? बऱ्याचदा गावाचं नाव नोंदवहीच्या पानाच्या माथ्यावर असतं आणि तुम्हाला मिळालेल्या अर्ध्या पानाच्या नकलेत माथा नसतो. अशी नक्कल कोर्टात दाखवली की समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार: हे गाव कोणतं? म्हणून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करतानाच गाव, तालुका, फेरफार क्रमांक आणि ‘पानाच्या शीर्षकासह पूर्ण पान’ असं लिहावं.

‘सदर’ आणि ‘सदरहू’ म्हणजेही वर आलेला. पण ‘सदरी’ आलं की अर्थ पालटतो: ‘कब्जेदार सदरी’ म्हणजे कब्जेदाराच्या रकान्यात, ‘इतर हक्क सदरी’ म्हणजे इतर हक्कांच्या रकान्यात. नाव कोणत्या सदरी गेलं यावर सगळं अवलंबून असतं. कब्जेदार सदरी गेलेला माणूस जमीन धारण करणारा ठरतो, इतर हक्क सदरी गेलेल्याचा त्या जमिनीवर काहीतरी मर्यादित हक्क असतो. कूळ, कर्ज देणारी संस्था किंवा पोटगीचा हक्क असलेली बाई या दुसऱ्या रकान्यात दिसतात.

‘सबब’ म्हणजे ‘या कारणाने’, म्हणून. सबबीच्या आधी घडलेली हकीकत असते आणि नंतर वहीत केलेला बदल. दोन्ही भागांखाली वेगवेगळ्या रंगाच्या रेघा मारा आणि एकमेकांशी ताडून पाहा. आपल्या नोंदीत आधीच्या भागात दोन वारस आहेत, नंतरच्या भागात नाव एकाचंच लागलं आहे. जुन्या फेरफारातली खरी गोष्ट बहुतेक वेळा या फरकातच असते.

तिसरी पायरी: बदल सांगणारे शब्द

‘कब्जेदार’ हा शब्द ‘कब्जा करणारा’, म्हणजे जमीन बळकावून बसलेला, असा वाचू नका. महसुलाच्या भाषेत कब्जेदार म्हणजे सरकारकडून जमीन धारण करणारा, शेतसारा देण्यास जबाबदार असलेला. आजच्या सातबाऱ्यावर त्याच जागी ‘भोगवटादार’ असतं. प्रत्यक्ष नांगर कोण धरत होता हे पाहायचं तर पीकपाहणीचा भाग, म्हणजे गाव नमुना बारा, बघा. तिथे जमीन मालक स्वतः कसत असेल तर जुन्या पानांवर ‘खुद्द’ असं लिहिलेलं सापडतं.

‘कमी’ म्हणजे रकान्यातून नाव काढणं. कशामुळे काढलं हे सांगायला तो शब्द एकटा पुरत नाही. मृत्यू, विक्री, वाटप, हक्कसोड, कोर्टाचा हुकूम, कारण काहीही असलं तरी नाव ‘कमी’च होतं. हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी केलेल्या नावाला कंस असतो आणि जवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. कंस आहे पण वर्तुळातला क्रमांक नाही, किंवा त्या क्रमांकाचा फेरफार काढला तर तो भलत्याच गटाचा निघतो, असं झालं तर नाव कशाच्या आधाराने गेलं हा प्रश्न उभा राहतो. निव्वळ लेखनदोष असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. हक्काचाच वाद असेल तर हे कलम उपयोगी पडत नाही, तरी लोक तिथेच वर्षं घालवतात.

आता गंगूबाईचं काय झालं? तिचं नाव ‘कमी’ झालेलं नाही. ते ‘दाखल’च झालं नव्हतं. सखारामाचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, लागलं आहे. कुटुंबातल्या सर्वांच्या वतीने तो नाव धारण करतो, जमीन एकट्याची होत नाही. रामा मे १९५८ मध्ये वारला, हिंदू उत्तराधिकार कायदा त्याआधी, १७ जून १९५६ पासून लागू झाला होता, आणि त्या कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे. मुलगी असती तर तीही. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, ती नोंद मुख्यतः महसुलासाठी असते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. म्हणून ‘आजीचं नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतंच’ एवढ्यावरून तिचा हिस्सा नव्हता असं ठरत नाही. नंतरच्या फेरफारात ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरं कुठे गळली ते शोधा. बहुतेक वेळा ती नवीन पान लिहिताना गळतात आणि पुढच्या पिढीला ती जमीन काकांची एकट्याची वाटू लागते.

‘तगाई’ म्हणजे शेतकऱ्याला सरकारने दिलेलं कर्ज. विहीर, बांध यांसाठी १८८३ च्या आणि बी-बियाणं, बैल यांसाठी १८८४ च्या कायद्याखाली ते मिळत असे. ‘बोजा कायम’ म्हणजे ते देणं वारसांसह जमिनीवर राहिलं. फेडलेलं असूनही नोंद तशीच राहिलेली जुनी प्रकरणं पुष्कळ आहेत. बोजा उतरवायला ‘बेबाकी’चा दाखला लागतो. बे-बाकी, म्हणजे बाकी नसल्याचा. त्या दाखल्यावरून नवा फेरफार झाल्याशिवाय सातबाऱ्यावरची ओळ आपोआप जात नाही.

चौथी पायरी: कुणी सांगितलं, कुणी लिहिलं, कुणी तपासलं

‘वर्दी’ म्हणजे तलाठ्याला दिलेली खबर. इथे ती सखारामाने दिली, म्हणजे हकीकत एका बाजूने आलेली आहे. पुढे ‘निशाणी डावा अंगठा, दस्तुर गणपत’. निशाणी म्हणजे अंगठ्याचा ठसा. ‘दस्तुर’ म्हणजे ज्याच्या हातून लिहिलं गेलं तो. गणपत हा वारस नाही, साक्षीदार नाही, हिस्सेदारही नाही. त्याने फक्त अंगठ्याशेजारी नाव लिहिलं. खरेदीखताच्या शेवटी असा दस्तुर पाहून त्याला विकणाऱ्यांत मोजण्याची चूक फार होते. याच्या उलट ‘दस्तुरखुद्द’ असेल तर नावाच्या माणसाने ते स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

शेऱ्यातला ‘रुजू’ सर्वांत महत्त्वाचा. ‘नोकरीवर रुजू होणे’ इथे विसरा. ‘नोटीस रुजू’ म्हणजे हितसंबंधितांना नोटीस पोचली आणि तशी खात्री केली. ‘हरकत नाही’ म्हणजे आक्षेप आला नाही. आजच्या संहितेत कलम १५० खाली आक्षेपासाठी पंधरा दिवस मिळतात. लेखी आक्षेप आला तर प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये, म्हणजे तक्रार नोंदवहीत, जातं. मग करायचं इतकंच: फेरफाराच्या पाठीमागच्या नोटिशीची प्रत मागा आणि तिच्यावर गंगूबाईची सही किंवा अंगठा आहे का ते पाहा. नसेल, तर ‘रुजू’ हा शब्द असला तरी त्याला आधार नाही, आणि नोंदीवर हल्ला करण्याची पहिली जागा तीच.

पाचवी पायरी: पैशाचा व्यवहार आणि आणे-पै

समजा चार वर्षांनी दुसरी नोंद झाली: ‘स.नं. ४२/१ पैकी ५ आणे ४ पै हिस्सा सखाराम याने रु. ६०० ला मुदत खरेदी दिला. मुदत ५ वर्षे. कब्जा दिला.’

आणे-पै इथे पैसे नव्हेत, हिस्सा आहे. पूर्ण जमीन १६ आणे, एक आणा १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै. पाच आणे चार पै म्हणजे ६४ पै, बरोबर एक तृतीयांश. जमीन ३ एकर ३० गुंठे असेल तर १५० गुंठे होतात. त्यांचा एक तृतीयांश ५० गुंठे, म्हणजे १ एकर १० गुंठे, आजच्या मापात सुमारे ५०.६ आर. (पिकाची ‘आणेवारी’ ही वेगळी गोष्ट, ती पीक किती आलं याचा अंदाज सांगते.)

‘मुदत खरेदी’वर घाईने मत बनवू नका. नाव खरेदीचं असलं तरी पुष्कळदा ते गहाण असतं: ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत. ती शर्त त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर कायद्याने तो व्यवहार गहाण धरता येत नाही. आणि शर्त त्याच दस्तात असली म्हणून तो गहाणच ठरतो असंही नाही. किंमत, ताबा, भाषा असं सगळं पाहावं लागतं. त्यामुळे फेरफार वाचून थांबणं व्यर्थ. दुय्यम निबंधकाकडून मूळ दस्ताची नक्कल काढलीच पाहिजे. फरक मोठा आहे. गहाण ठरलं तर सोडवून घेण्याचा हक्क सुरू झाल्यापासून दावा करायला तीस वर्षं मिळतात. १९६२ चा दस्त आणि पाच वर्षांची मुदत धरली तर १९६७ पासून १९९७ पर्यंत. ती खरी विक्रीच ठरली तर परत घेण्याची संधी करारातल्या मुदतीबरोबर संपते.

‘नजरगहाण’ यापेक्षा हलकं असतं. त्यात जमीन कर्जाला बांधलेली असते पण ताबा मालकाकडेच राहतो. म्हणून कागदावर ‘कब्जा दिला’ आहे की नाही हे दोन शब्द आधी शोधावेत.

आणखी दोन शब्द इथेच सांगून टाकतो, कारण त्यांनी बरेच व्यवहार बिघडवले आहेत. जुन्या कागदात ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी सोडणं नव्हे. कब्जेदाराने जमिनीवरचा हक्क सोडल्याचा तो लेख, आणि नव्या माणसाने सारा देण्याचं मान्य केलं ती ‘कबुलायत’. दोन्ही जोडीने आली तर जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली. नुसता राजीनामा असेल तर जमीन सरकारकडे गेली का ते तपासा. दुसरा शब्द ‘कुलमुखत्यारपत्र’. यातला ‘कुल’ म्हणजे ‘सर्व’. कुळकायद्यातल्या कुळाशी त्याचा संबंध नाही. ‘कुळमुखत्यार’ असं लिहिलेलं पाहून कुणी त्या माणसाला जमिनीचं कूळ समजू नये. असा मुखत्यार मालकाच्या वतीने कामं करतो, मालक होत नाही. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. मालक वारला की साध्या मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो, त्यामुळे दस्ताची तारीख आणि मालकाच्या मृत्यूची तारीख शेजारी-शेजारी लिहा.

सहावी पायरी: कोर्टाचे कागद

या जमिनीवरून पुढे कब्ज्याचा दावा झाला असेल तर कागदावर ‘रे.मु.नं.’ दिसेल. रे. म्हणजे रेग्युलर, मु. म्हणजे मुकदमा. त्याच कागदावर ‘नि. १’, ‘नि. ५’ असे आकडे असतात. इथली ‘निशाणी’ अंगठ्याची नव्हे. कोर्टाने कागदाला दिलेला तो क्रमांक. नि. १ हा दावाअर्ज, आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज बहुधा नि. ५ ला असतो, इतका की वकील त्या अर्जालाच ‘नि. ५’ म्हणतात. ‘नि. ५ नामंजूर’ हे वाचून दावा हरलो असं समजू नका. अंतरिम मनाई मिळाली नाही, दावा चालूच आहे. ‘दावा खारीज’ असेल तर मात्र दावा फेटाळला गेला.

‘कैफियत’ म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर. गाऱ्हाणं नव्हे. ‘पुरसीस’ म्हणजे पक्षकाराने किंवा वकिलाने कोर्टाला लेखी दिलेलं छोटं निवेदन: पुरावा संपला, तडजोड झाली, अमका मुद्दा सोडून देतो. कागद एवढासा असतो म्हणून वाचणारे ओलांडून जातात, पण ‘४२/१ बाबत मागणी सोडतो’ अशी एक ओळ पुरसीसमध्ये असेल तर पुढचं निकालपत्र कितीही लांब असलं तरी त्या गटापुरतं काही मिळत नाही.

निकालाच्या वेळी दोन कागद होतात. ‘निकालपत्र’ कारणं सांगतं, ‘हुकूमनामा’ कुणाला काय मिळालं ते सांगतो. नक्कल मागताना दोन्ही मागा. हुकूमनाम्यावरून तालुक्याला फेरफाराचा अर्ज होतो, तिथे निकालपत्र एकटं दिलं तर परत पाठवतात. मग ‘दरखास्त’. रोजच्या भाषेत ती कोणतीही विनंती, पण दिवाणी कोर्टात दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज. ती करणारा ‘दरखास्तदार’. कब्ज्याचा हुकूमनामा अमलात आणता येऊ लागल्यापासून बारा वर्षांत ती करावी लागते. कायम मनाईच्या हुकूमनाम्याला ही मुदत लागत नाही. त्यामुळे जुना जिंकलेला दावा सापडला तर पहिला प्रश्न हा: दरखास्त झाली का, आणि नाझराच्या बेलीफाने प्रत्यक्ष ताबा दिल्याची पावती आहे का? पावती नसेल आणि बारा वर्षं उलटली असतील, तर कब्ज्यापुरता तो हुकूमनामा बजावता येणार नाही.

मराठवाड्यातला कागद असेल तर

तिथे कब्जेदाराच्या जागी ‘पट्टेदार’ हा शब्द येतो, आणि १९५४-५५ चं ‘खासरा पत्रक’, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आणि ताब्यात होती याची नोंद, हा बहुतेक वादांत पहिला मागितला जाणारा कागद. ‘खिदमत माश’ दिसलं तर तिथे जरा थांबा. खिदमत म्हणजे सेवा. मशीद, दर्गा किंवा देवळाच्या सेवेसाठी दिलेली ती जमीन, सेवा करणाऱ्याची खासगी नव्हे. ‘मदद माश’ मात्र व्यक्तीच्या निर्वाहासाठीचं इनाम. या दोघांतला फरक ‘मुंतखब’ पाहिल्याशिवाय ठरवू नका. इनामाच्या चौकशीनंतर निघालेला तो अधिकृत उतारा असतो आणि इनाम कुणाला, कशासाठी, कोणत्या शर्तीवर आहे ते त्यात लिहिलेलं असतं. इनामांना तिथे ‘अतियात’ म्हणतात, आणि त्यांच्या चौकशीचा हैदराबादचा कायदा १९५२ चा आहे. मुंतखब उर्दूत असेल तर नुसत्या ऐकीव अर्थावर व्यवहार करू नये. भाषांतराची प्रमाणित प्रत घ्यावी आणि भाषांतरकाराला ‘मदद’ आणि ‘खिदमत’ हे शब्द मुळात जसे आहेत तसेच कंसात ठेवायला सांगावे.